‘तब्येत छान झाली’चं भाषांतर कसं करायचं?

प्रश्न: माझी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे माझी बारा वर्षांची मुलगी दुभाष्याचं काम करते. आमची शेजारीण मोठ्या आजारपणातून उठली आहे. आईने तिला दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. परवा ती घरी आली तेव्हा आई आनंदाने म्हणाली, “बाई, तब्येत छान झाली हो! मागच्या वेळी किती खराब दिसत होती.” मुलीने सांगून टाकलं, “आजी म्हणते, तू जाड झालीस आणि मागच्या वेळी वाईट दिसत होतीस.” शेजारीण हसली, चहा अर्धाच ठेवून गेली आणि त्यानंतर फिरकली नाही. गंमत म्हणजे आल्याआल्या तीच आईला म्हणाली होती, “तुमचं वजन उतरलंय, काय सुंदर दिसताय!” त्यावर आईचा चेहरा पडला होता. आता शेजारणीला काय सांगू? आणि यापुढे आईचं बोलणं बदलून सांगितलं तर तो खोटेपणा होईल का?

उत्तर: ताई, तुमच्या लेकीने शब्द बरोबर ओळखले. ‘तब्येत होणं’ म्हणजे अंगाने भरणं, हे तिला कळलं, आणि ते कौतुक कमी नाही. पण ‘खराब’ तिने शब्दशः घेतलं. आपल्याकडे ‘खराब झालीस’ म्हणजे वाळलीस, ओढलेली दिसतेस. त्यात काळजी असते, रूपाला नावं ठेवणं नसतं. इंग्रजीत मात्र ते थेट ‘वाईट दिसत होतीस’ होऊन पोचलं. आजारातून उठलेल्या बाईला एका दमात जाडही म्हटलं गेलं आणि कुरूपही.

आईच्या वाक्यात प्रत्यक्षात तीन गोष्टी होत्या: मागच्या वेळी तुला पाहून जीव हलला, ते मी विसरले नाही, आणि आज तुला पाहून बरं वाटलं. यातली एकही गोष्ट वजनाबद्दल नाही. वजन ही फक्त खूण, डोळ्यांना दिसली म्हणून बोलली गेली. त्यामुळे इंग्रजीत सांगायचं ते असं: “मागच्या वेळी आईला तुझी काळजी वाटली होती. आज तुला इतकी बरी झालेली पाहून तिला खूप आनंद झालाय.” शरीर काढून घ्यायचं आणि बोलणाऱ्याच्या मनात काय झालं ते ठेवायचं. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. उलट लेकीने सांगितलेलं वाक्यच आईच्या म्हणण्यापासून जास्त लांब होतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे अशा शेऱ्याला ठरलेलं उत्तर असतं. “कुठलं हो, आहे तेवढीच आहे,” किंवा “तुमचीच नजर लागेल आता!” असं म्हणून बाई हसते आणि गप्पा पुढे सरकतात. शेजारणीकडे असं तयार उत्तर नाही. तिच्याकडे ओळखीपाळखीत कुणी वजन वाढल्याचं तोंडावर बोलत नाही, त्यामुळे ते वाक्य तिच्यापुढे नुसतं लटकत राहिलं. हसून उठून जाणं, एवढंच तिला सुचलं असणार.

तिचं वाक्य आईला लागलं, त्यामागेही हेच आहे. तिच्या जगात वजन उतरणं म्हणजे कौतुक. आईच्या जगात या वयात वजन उतरलं की पहिला प्रश्न येतो, “बरं नाही का? जेवत नाहीस का?” तिथेही वजन बाजूला ठेवायला हवं होतं. “ती म्हणते, तुम्ही छान टवटवीत दिसता” एवढं पुरलं असतं.

आता शेजारणीकडे जा. मुलीला नेऊ नका आणि सगळा दोष तिच्यावर टाकूही नका. दोन वाक्यं पुरेत: “त्या दिवशी आईचं बोलणं तुझ्यापर्यंत चुकीचं पोचलं. तिला म्हणायचं होतं की तू आजारातून सावरलीस याचा तिला आनंद झालाय.” इथेच थांबा. “आमच्या संस्कृतीत जाड असणं चांगलं मानतात,” हे चुकूनही म्हणू नका. पुष्कळजण हेच म्हणतात, आणि त्यातून ती जाड आहे यावर शिक्कामोर्तबच होतं.

आईलाही सांगावं लागेल, कारण आपण तिचं बोलणं नुसतंच गोड करत राहिलो तर ते नीट पोचतंय असं समजून ती पुढच्या वेळी अजून मोकळेपणाने बोलेल. शिवाय गाल फुगवून दाखवणं, दंडाला हात लावून पाहणं याला दुभाषी लागत नाही. “तू चुकलीस” असं म्हणू नका. “इथे अंगावरून बोललं की माणसं दुखावतात, म्हणून मी तुझं म्हणणं असं सांगितलं,” असं सांगून तुमचं वाक्य तिला मराठीत ऐकवा. आपल्या तोंडी काय घातलं गेलं हे तिला कळलंच पाहिजे.

हे सगळं प्रेमातून आलेल्या बोलण्याला लागू आहे. “एवढं वजन बरं नव्हे,” “रंग काय काळवंडलाय,” असलं काही आलं तर ते साखरेत घोळवू नका. “आई, हे मी सांगणार नाही,” म्हणा आणि विषय बदला. समोरच्याने विचारलंच तर “घरचं काहीतरी बोलतोय” पुरे. टोचणाऱ्या वाक्याचं कौतुक करून सांगणं, हा मात्र खोटेपणा झाला.

वयाचंही असंच आहे, पण थोडं वेगळ्या कारणाने. आई भेटेल तिला वय विचारत असेल, तर त्यात नुसता भोचकपणा नसतो. समोरचीला ताई म्हणायचं की काकू, तू की तुम्ही, हे ठरल्याशिवाय मराठी तोंड उघडत नाही. इंग्रजीत ही अडचणच नाही. त्यामुळे तो प्रश्न भाषांतरित न करता आईला सरळ सांगा, “हिला नावाने हाक मार, चालतं.”

मुलीला या कामातून थोडं बाहेर काढा. दुकानातलं, रस्त्यावरचं तिने जरूर सांगावं. पण दोन मोठ्या बायका एकमेकींच्या अंगाबद्दल बोलत असताना मधे बारा वर्षांची मुलगी नको. हे ती फक्त सांगत नाही, ऐकतेही. उद्या आजी तिलाच म्हणेल, “आता कशी अंगाने भरली,” आणि ते ती आजीच्या कानांनी नाही, वर्गातल्या मैत्रिणींच्या कानांनी ऐकेल. या वयात तसं एक वाक्य बरेच दिवस आरशासमोर उभं राहतं. इथे भाषांतर करून भागणार नाही. नातीच्या अंगाबद्दल चांगलंही बोलायचं नाही, हे आईला आजच सांगा. उंची चालेल, आजीला काहीतरी बोलायचं असतंच! पण मुलगी जेवण टाळायला लागली, ताटात अन्न लपवू लागली किंवा वजनाबद्दल सतत विचारू लागली, तर मात्र ते आजीच्या बोलण्यापुरतं राहिलेलं नाही असं समजा आणि डॉक्टरांशी बोला.

शेजारणीला पुन्हा चहाला बोलावाल तेव्हा दुभाषी तुम्ही व्हा. आईला आधी “गुड टू सी यू” एवढं पाठ करायला लावा. ते म्हणून झाल्यावर तिने शेजारणीचा हात हातात घेतला तर घेऊ द्या. त्याचं काही भाषांतर करू नका.