६२२०५ च्या जागी ६२०५ का चालत नाही: बेअरिंगचा आकडा उजवीकडून वाचावा

प्रश्न: «आमच्या कडबाकुट्टीच्या शाफ्टवरून निघालेल्या बेअरिंगवर ६२२०५ असा आकडा आहे. चिक्कोडीहून ६२०५ आणले. आतले आणि बाहेरचे माप जुळते, पण सर्क्लिप लावल्यावरही बेअरिंग हाउसिंगमध्ये मागेपुढे सरकते. या आकड्यांवरून बोअर, बाहेरचा व्यास आणि रुंदी कशी ओळखायची?»

आपल्या हातात आलेले बेअरिंग तीन मिलिमीटरने अरुंद आहे. ६२२०५ चा बोअर २५, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १८ मिमी असते. ६२०५ चा बोअर आणि व्यास तेच, पण रुंदी १५ मिमी. सर्क्लिपची खाच १८ मिमीच्या बेअरिंगसाठी कापलेली असल्यामुळे तेवढी फट उरते आणि बेअरिंग त्या फटीत सरकते. दुकानदाराने मुद्दाम चुकीचे दिले असे मला वाटत नाही. आपल्या भागात हे आकडे फोनवर कधी मराठीत, कधी कन्नडात सांगितले जातात, आणि «आरु, एरडु, एरडु, सोन्ने, ऐदु» यातला एक एरडु ऐकताना सहज गळतो. बेळगावच्या उद्यमबागेत दुरुस्तीचे काम करताना मी हा गोंधळ अनेकदा पाहिला आहे, म्हणून आकडा नेहमी कागदावर लिहून किंवा जुन्या बेअरिंगचा फोटो काढून द्यावा.

आता वाचण्याची रीत. आपण आकडे डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. बेअरिंगचा आकडा मात्र उजवीकडून सोडवावा लागतो. शेवटचे दोन अंक बोअरचे, म्हणजे ज्यात शाफ्ट बसतो त्या छिद्राचे. त्यांच्या लगेच डावीकडचा एक अंक व्यासाच्या मालिकेचा. त्याच्याही डावीकडे आणखी एक अंक असेल तर तो रुंदीच्या मालिकेचा, आणि सर्वांत डावीकडचा अंक बेअरिंगच्या प्रकाराचा. आपण रोज वापरतो त्या खोल खाचेच्या साध्या बॉल बेअरिंगला ६ हा अंक असतो. या रीतीने ६२२०५ चे तुकडे ६, २, २, ०५ असे पडतात, तर ६२०५ चे ६, २, ०५. दुसऱ्यात रुंदीचा अंक शून्य असतो, पण तो छापत नाहीत. तो न छापलेला अंकच आपल्या सगळ्या अडचणीचे मूळ आहे.

बोअरचे गणित सोपे आहे. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचाने गुणावे: ०४ म्हणजे २० मिमी, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०, आणि असे ९६ पर्यंत, म्हणजे ४८० मिमीपर्यंत चालते. त्याच्या खालचे चार मात्र गुणाकारात बसत नाहीत आणि ते पाठच असावेत: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी. ०३ पाहून १५ मिमी समजणारे लोक मला आजही भेटतात. दहा मिलिमीटरपेक्षा लहान बोअर असेल तर एकच अंक असतो आणि तोच मिलिमीटरमध्ये बोअर सांगतो. म्हणून ६०८ चा बोअर ८ आणि ६२५ चा ५ मिमी. २२, २८ अशा आडमापांसाठी तिरकी रेघ देऊन ६२/२२ असे सरळ माप लिहितात.

बाहेरच्या व्यासाला मात्र असा गुणाकार नाही, आणि इथेच बहुतेकांची अपेक्षा चुकते. मालिकेचा अंक व्यास सांगत नाही. तक्त्यात कोणत्या रकान्यात पाहायचे ते सांगतो. ओळ बोअरने ठरते, रकाना मालिकेने ठरतो आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे व्यास लिहिलेला असतो. हा तक्ता आंतरराष्ट्रीय मानकाने, आयएसओ १५ ने, ठरवलेला आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी त्याच मूळ आकड्याला तीच मापे मिळतात. मालिकांचा चढता क्रम ७, ८, ९, ०, १, २, ३, ४ असा आहे, म्हणजे ७, ८ आणि ९ हे अंक दिसायला मोठे असले तरी त्यांची बेअरिंगे सर्वांत बारीक अंगाची असतात. २५ मिमी बोअरची एक ओळ डोळ्यांसमोर ठेवली की हे पक्के होते: ६८०५ चा व्यास ३७, ६९०५ चा ४२, ६००५ चा ४७, ६२०५ चा ५२, ६३०५ चा ६२ आणि ६४०५ चा ८० मिमी. शाफ्ट तोच, पण अंगावर धातू वाढत जातो, गोळ्या मोठ्या होतात आणि बेअरिंग जास्त भार घेते. या क्रमाने रुंदीही ७, ९, १२, १५, १७ आणि २१ अशी वाढते, आणि म्हणूनच रुंदीचा वेगळा अंक नसताना ती मालिकेबरोबर आपोआप आल्यासारखी वाटते.

रुंदीचा अंक वेगळा लिहिला की व्यास तसाच राहतो आणि फक्त जाडी बदलते. ६२०५ पासून ६२२०५ म्हणजे १५ वरून १८. ६३०५ पासून ६२३०५ म्हणजे व्यास ६२ च, पण रुंदी १७ वरून २४. अशा रुंद बेअरिंगमधली जादा जागा मुख्यतः ग्रीससाठी असते आणि म्हणून ती बहुधा दोन्ही बाजूंनी रबरी सील लावूनच येतात; धुळीत आणि कडब्याच्या भुशात फिरणाऱ्या यंत्राला निर्मात्याने ती जागा विचारपूर्वक दिलेली असते. डावीकडून वाचणाऱ्याला सर्वांत जास्त फसवणारा आकडा ६३००५ हा आहे. सुरुवातीला ६३ दिसले की माणूस ६३०५ समजतो आणि ६२ मिमी व्यासाची अपेक्षा धरतो. उजवीकडून पाहा: ०५ म्हणजे बोअर २५, मग ० म्हणजे ६००५ चीच व्यासमालिका, मग ३ म्हणजे रुंदी. त्याचा व्यास ४७ आणि रुंदी १६ मिमी असते. हेच कुटुंब अरुंद करून १६००५ या वरच्या रीतीत न बसणाऱ्या आकड्यातही मिळते, तिथे रुंदी फक्त ८ मिमी असते.

ज्यावरचा आकडा झिजून गेला आहे त्याचे उलटे वाचन करावे लागते, आणि त्यातली एक खोच मी स्वतः चुकून शिकलो. निपाणीजवळच्या एका यंत्राचे बेअरिंग पूर्ण फुटले होते. आतली रिंग तुकडे होऊन गेलेली आणि हाउसिंगमध्ये फक्त बाहेरची रिंग अडकून बसलेली. मी ती रिंग काढून मोजली: व्यास ५२, रुंदी १५. मापे ६२०५ ची आहेत असे धरून ते घेतले, आणि जागेवर पोहोचल्यावर ते शाफ्टवर ढिले पडले, कारण शाफ्ट २० मिमीचा होता. ५२ आणि १५ ही मापे ६२०५ ची आहेत तशीच ६३०४ चीही आहेत. दुसरी अशीच जोडी ६२०४ आणि ६३०३ यांची: दोघांचे ४७ आणि १४, फक्त बोअर एकाचा २० आणि दुसऱ्याचा १७. व्यास ६२ असलेली तर ६००७, ६२०६, ६३०५ आणि ६४०३ अशी निदान चार बेअरिंगे आहेत आणि त्यांचे शाफ्ट अनुक्रमे ३५, ३०, २५ आणि १७ मिमीचे असतात. त्यामुळे तीनही मापे हातात असल्याशिवाय आकडा ठरवू नये, आणि आतली रिंग नसेल तर बोअरऐवजी शाफ्टची न झिजलेली जागा मोजावी. त्या दिवशी आणखी एक खूण माझ्यासमोर होती आणि मी ती पाहिली नाही: बाहेरच्या रिंगमधली गोळ्यांची खाच नेहमीपेक्षा रुंद होती. ६२०५ मध्ये साधारणपणे आठ मिमीच्या आतबाहेरच्या नऊ गोळ्या असतात, तर ६३०४ मध्ये साडेनऊ मिमीच्या सात.

मोजताना व्हर्निअर रिंगच्या सपाट कडेवर टेकवावा, सीलवर नाही. सील किंचित आत असते आणि तिथे रुंदी कमी दिसते. या आकाराच्या नव्या बेअरिंगची रुंदी मानकानुसार ०.१२ मिमीपर्यंत कमी असू शकते, म्हणून १४.९ दिसले तर ते १५ धरावे. व्यासात मात्र अशी मोकळीक नाही. ५२ मिमीचे बेअरिंग फार तर ०.०१३ मिमीने कमी असते, त्यामुळे व्हर्निअरवर ५१.८ दिसत असेल तर रिंग झिजलेली आहे.

मूळ आकड्याच्या पुढची अक्षरे बोअर, व्यास किंवा रुंदी बदलत नाहीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि सी३ म्हणजे आतला खेळ नेहमीपेक्षा जास्त. जुन्यावर सी३ असेल तर नवेही सी३ च मागावे.

आपल्या यंत्रासाठी ६२२०५ दोन्ही सीलसहित मागवावे. बेळगावात मागवून येईपर्यंत जनावरांचा चारा थांबवता येत नसेल, तर ६२०५ बरोबर तीन मिमी जाडीची, ५२ मिमी बाहेरच्या व्यासाची आणि फक्त बाहेरच्या रिंगला टेकणारी लोखंडी कडी सर्क्लिपच्या बाजूला घालून काही दिवस चालवता येईल. कडी आतल्या रिंगला लागली तर ती घासून तापेल. आणि शाफ्टवर आतली रिंग दोन्ही बाजूंनी धरलेली असेल तर तिथेही तीन मिमीची फट उरते, ती वेगळी भरावी लागेल. नवे ६२२०५ बसवण्याआधी हाउसिंगचे भोक दोन-तीन ठिकाणी मोजून पाहा. ६२०५ जेवढे दिवस सरकत होते तेवढ्यात बाहेरची रिंग फिरली असेल, तर भोकात आतून आरशासारखी चकाकी दिसेल, भोक ५२.१ मिमीच्या आसपास भरले तर आकडा बरोबर असूनही बेअरिंग त्यात फिरणारच, आणि अशा वेळी आधी हाउसिंगला बुश घालून भोक पुन्हा ५२ ला आणावे लागेल.