कर्मचारी किती? आधी पट कोणाचा ते विचारा

प्रश्न : "एकाच कंपनीचे 'कर्मचारी' वार्षिक अहवालात १,८००, त्याच अहवालात पुढे ३,२०० आणि बातमीत ४,४०० दिसले. यातला खरा आकडा कोणता? की 'कर्मचारी' या शब्दाचाच अर्थ बदलतो?"

शब्दाचाच. शाळेची पटसंख्या म्हणतो ना, त्यातला 'पट' इथे उपयोगी पडतो. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालकांना त्यांच्या अहवालात पटावरच्या कायम कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. तुमचे १,८०० बहुधा तेच.

पुढे अहवालात 'बीआरएसआर' नावाचा भाग असतो, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. सेबीने तो शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केला आहे. त्यात 'एम्प्लॉइज' आणि 'वर्कर्स' यांचे तक्ते वेगळे असतात आणि प्रत्येकात 'कायम' आणि 'कायम सोडून इतर' असे दोन रकाने. ठेकेदारामार्फत आलेली माणसं या दुसऱ्या रकान्यात येतात. समजा अशी १,४०० आहेत. १,८०० मध्ये ती मिळवली की झाले ३,२००. एक खोच लक्षात ठेवा : मराठीत दोन्ही तक्त्यांना सरसकट 'कर्मचारी' म्हटलं, तर वाचणारा पहिलाच तक्ता बघून थांबतो आणि यंत्रावरचा कामगार मोजणीतून गळतो. तिथे 'कर्मचारी' आणि 'कामगार' असंच लिहावं.

'कंत्राटी' हा शब्दही नात्याचा आहे, माणसाचा नव्हे. कारखान्याच्या गेटवरचा सुरक्षारक्षक घ्या. कारखान्याच्या हिशेबात तो कंत्राटी, पण ज्या एजन्सीकडून त्याचा पगार होतो तिच्या पटावर तो कायम असू शकतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे सरळ बेरजेला घेतले, तर तो दोनदा मोजला जातो.

आता ४,४००. कंपनीच्या उपकंपन्यांत २,६०० कायम माणसं असतील, तर १,८०० अधिक २,६०० बरोबर ४,४००. म्हणजे बातमीत उपकंपन्या आल्या, पण कंत्राटी गळाले! फक्त मूळ कंपनीचा तो एकल आणि उपकंपन्यांसह तो एकत्रित, हे शब्द ताळेबंदासाठी रुळले आहेत, तेच माणसांच्या आकड्यालाही लावावेत.

'समूह' मात्र जपून वापरा. कंपनी आणि तिच्या उपकंपन्या हा एक समूह, उद्योगसमूह हा दुसरा. टीसीएसचं मनुष्यबळ ३१ मार्च २०२३ ला ६,१४,७९५ होतं. टाटा समूहाचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला जातो. टाटा मोटर्स किंवा टाटा स्टील या टीसीएसच्या उपकंपन्या नाहीत, त्यामुळे टीसीएसच्या एकत्रित आकड्यात त्यांची माणसं येत नाहीत.

तुमची बातमी मी अशी लिहीन : "कंपनी व उपकंपन्यांचे मिळून ४,४०० कायम कर्मचारी व कामगार, कंत्राटी वेगळे." लांब आहे खरं, पण मथळ्यात नुसतं 'कर्मचारी' टाकायचं असेल, तर निदान पहिल्या ओळीत एवढं यायला हवं.