झोपेची गोळी आणि सकाळचं ड्रायव्हिंग

"रात्री साडेबाराला झोल्पिडेम १० घेते, सकाळी ७ ला कार घेऊन निघते. उठल्यावर एकदम फ्रेश वाटतं, मग ड्रायव्हिंगला हरकत नाही ना?"

हरकत आहे, आणि फ्रेश वाटतंय यावर तर अजिबात जाऊ नका. या गोळ्यांचं हेच वाईट आहे की डोळे उघडे असतात, चहा होतो, डबा भरून होतो, पण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ वाढलेला असतो आणि आपल्याला ते कळतच नाही.

तुमचाच हिशोब करू. झोल्पिडेम साधारण अडीच तासात रक्तात निम्मं होतं. साडेबाराला घेतली की दोनच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं, साडेचारला निम्मं, सातला पाव. हा पाव कुणाला चालून जातो कुणाला नाही, कारण एकाच गोळीने एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या कितीतरी पट औषध चढतं, आणि बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये हेच बघितलं, १० ची साधी गोळी घेऊन ८ तास झाल्यावरही सुमारे १५ टक्के बायकांच्या रक्तात ड्रायव्हिंग बिघडेल इतकं औषध होतं, पुरुषांमध्ये ३ टक्के. म्हणून त्यांनी बायकांसाठी डोस ५ वर आणला. तुमचे तर साडेसहाच तास होतायत!! त्यात उशिरा भरपेट जेवून लगेच गोळी घेतली तर ती चढतेच उशिरा, म्हणजे उतरतेही उशिरा.

पाकिटावर सीआर लिहिलंय का ते आजच बघा. ती हळूहळू सुटणारी गोळी, तिच्यासाठी एफडीएचा सल्ला दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नका असा आहे. आणि झोपिक्लोन ७.५ वाल्यांनो तुम्ही पण वाचा, नेदरलँड्समध्ये खऱ्या हायवेवर गाडी चालवायला लावून चाचण्या झाल्यात, त्यात १०-११ तासांनीही गाडी लेनमध्ये डुलत होती, दारू प्यायल्यासारखी. मधेच दोन वाजता जाग आली म्हणून अर्धी अजून घेणं तर सगळ्यात घातक, तिथून घड्याळ परत शून्यावर.

आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबर ड्रगही आहे, प्रिस्क्रिप्शन दाखवून सुटू असं समजू नका.

माझ्या मते डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी रोज ७ ला गाडी चालवते, ५ वर आणता येईल का विचारा, आणि गोळी दहा-साडेदहाला, पोट हलकं असताना. तोवर रिक्षा किंवा बस. पण रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, झोप आणखी उडते, कमी कशी करायची तेही त्यांनाच विचारा.