‘देअर इज अ बुक’ पण ‘देअर आर टू बुक्स’ असं का? कर्ता तर दोन्हीकडे ‘देअर’च आहे ना?

‘देअर’ कर्त्याच्या जागेवर बसतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. प्रश्न विचारताना ‘इज देअर एनी मिल्क?’ असं क्रियापद त्याच्या आधी येतं, जसं कुठल्याही कर्त्याच्या आधी येतं. ‘देअर आर टू सीट्स, आरन्ट देअर?’ यातही शेवटी ‘देअर’च परत येतो, ‘दे’ येत नाही.

पण या ‘देअर’ला स्वतःचं वचन नाही. त्याचा अर्थ ‘तिथे’ असाही उरलेला नाही, म्हणून तर ‘देअर इज अ शॉप देअर’ हे वाक्य चालतं. त्यातला दुसरा ‘देअर’ म्हणजे तिथे, पहिला फक्त जागा भरतो. इंग्रजी विधानात कर्त्याची जागा सहसा रिकामी ठेवता येत नाही. मराठीला ही अडचण नाही. ‘टेबलावर दोन पुस्तकं आहेत’ म्हटलं की झालं.

कोणी म्हणेल, नुसती जागा भरणाऱ्या शब्दाला एकवचनी धरलं असतं तर काय बिघडलं असतं? ‘इट’च्या बाबतीत इंग्रजी तेच करते. खिडकी कोणी फोडली, याचं उत्तर ‘इट वॉज द बॉईज’ असं येतं. मुलं अनेक, तरी ‘वॉज’, कारण ‘इट’ मुळातच एकवचनी आहे. ‘देअर’ तसा नाही. म्हणून क्रियापद वचनासाठी पुढच्या नामाकडे पाहतं: ‘देअर वेअर टू बॉईज’.

मला यातलं सर्वात बोलकं उदाहरण वाटतं ते ‘देअर सीम टू बी टू मिस्टेक्स इन द बिल’. इथे नाम ‘सीम’ला लागून नाही, मध्ये ‘टू बी’ आहे. तरी चूक एकच असली की लगेच ‘देअर सीम्स टू बी अ मिस्टेक’ होतं. म्हणजे क्रियापद शेजारचा शब्द पाहून वचन ठरवत नाही. ते ‘देअर’ ज्या नामाची जागा अडवून बसला आहे, त्या नामाचं वचन घेतं.

मात्र दोन ठिकाणी हा नियम सैल पडतो. बोलताना ‘देअर्स टू रीझन्स’ सर्रास ऐकू येतं, कारण ‘देअर्स’ हा एक गोठलेला तुकडा झाला आहे. तोच सुटा करून ‘देअर इज टू रीझन्स’ म्हटलं तर बहुतेकांना खटकतं. लिहिताना ‘आर’च लिहा. दुसरं म्हणजे ‘अँड’ने जोडलेली यादी. ‘देअर इज अ टेबल अँड फोर चेअर्स’ असं पुष्कळ जण लिहितात, कारण यादीतलं पहिलं नाम एकवचनी आहे. खरं तर वस्तू पाच आहेत. परीक्षेत असं वाक्य आलं तर मी ‘देअर आर फोर चेअर्स अँड अ टेबल’ असा क्रम बदलून लिहीन, म्हणजे वादच राहत नाही.