बीएस्सी नर्सिंगनंतर आयसीयू, एम.एस्सी. की परदेश?

प्रश्न: बीएस्सी नर्सिंग झालंय, दीड वर्ष आयसीयूत आहे. एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवू, इन्चार्ज व्हायची वाट बघू, की यूके?

उत्तर: यूके खरंच मनात असेल तर आत्ता बेडसाइड सोडू नका. तिथे भरती करणारे आधी विचारतात की अलीकडे प्रत्यक्ष पेशंट कोण सांभाळत होतं. वर्गात शिकवलेली वर्षं तिथे फारशी उपयोगी पडत नाहीत. एम.एस्सी. असली तरी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, सुरुवात साधारणपणे बँड ५ या नव्या नर्सच्या पगारश्रेणीवरूनच होते. म्हणजे दोन वर्षं आणि फी घालून तुम्ही बीएस्सीवाल्या मैत्रिणीच्याच रांगेत.

आयसीयूत राहून इंग्रजीची परीक्षा द्या. आयएल्ट्समध्ये लेखनाला ६.५ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात, आणि बहुतेकजणी लेखनातच अडकतात. ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षाही चालते, त्यात रेफरलचं पत्र लिहायचं असतं, ते आपल्याला जवळचं. मग यूकेच्या नर्सिंग नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा, सीबीटी, इथूनच देता येते, प्रात्यक्षिक परीक्षा, ओएससीई, मात्र तिकडे जाऊन.

अनुभवपत्रात नुसतं 'स्टाफ नर्स' नको. आयसीयूचा प्रकार, बेड, व्हेंटिलेटर, इनोट्रोप इन्फ्यूजन असं लिहून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी जुळवा, फाइल इथेच रखडते.

जायचंच नसेल तर गणित उलटं. कॉलेजात वर चढायला एम.एस्सी. हवीच. आयसीयूतच मुरायचं असेल तर क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स बघा, तो वॉर्डात राहूनच होतो. इन्चार्जपद बहुतेक ठिकाणी सिनिऑरिटीने येतं, त्यासाठी वेगळं काही थांबवू नका.