बँकिंगच्या वळणावर N = mg cosθ का चालत नाही, आणि घर्षणाची दिशा कशी ठरवायची

प्रश्न: उतारावर ठेवलेल्या ठोकळ्यासाठी आपण N = mg cosθ घेतो. मग बाहेरची कड उचललेल्या वळणावर N cosθ = mg कसं काय? उतार तर तोच आहे. आणि घर्षण आतल्या बाजूला घ्यायचं की बाहेरच्या, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

दोन्ही समीकरणं बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या परिस्थितींतली आहेत. उताराचा कोन सारखा असला तरी ठोकळ्याचं त्वरण आणि वळणावरच्या गाडीचं त्वरण वेगळ्या दिशेला आहे. गोंधळ होतो तो N ला ठरलेलं सूत्र आहे असं मानल्यामुळे. N ला स्वतःचं सूत्र नाही. वस्तू पृष्ठभागात घुसू नये म्हणून जेवढं ढकलावं लागतं तेवढं पृष्ठभाग ढकलतो, आणि ते किती हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून दर वेळी नव्याने काढावं लागतं.

ठोकळ्याचं बघा. तो उतारावर स्थिर असेल किंवा उताराच्या रेषेत घसरत असेल, उताराला लंब दिशेत त्याला त्वरण नाही. म्हणून त्या दिशेतली बलं समतोल: N = mg cosθ. वळणावरची गाडी मात्र उतारावरून खाली जातच नाहीये. ती एकाच उंचीवर राहून आडव्या वर्तुळात फिरतेय. तिचं त्वरण v²/R, आणि ते पूर्णपणे आडवं, वर्तुळाच्या केंद्राकडे. वर्तुळाचं केंद्र गाडीच्याच पातळीवर असतं, रस्त्याच्या उताराच्या रेषेत खाली कुठेतरी नसतं. आकृती काढताना पहिल्यांदा हा आडवा बाण काढा. उभ्या दिशेत त्वरण शून्य, म्हणून समतोल उभ्या दिशेत लिहायचा. घर्षण नसेल तर उभ्या दिशेत फक्त N चा उभा घटक आणि वजन उरतं, आणि N cosθ = mg येतं.

तुम्हाला हवं तर ठोकळ्यासारखेच तिरके अक्ष घेऊनही हे गणित सोडवता येतं. माझ्या मते एकदा तरी तसं सोडवून बघावंच, कारण तुमची शंका तिथे पूर्ण मिटते. फक्त त्वरणाचेही घटक पाडायला विसरायचं नाही. आडव्या v²/R चा उताराच्या रेषेतला घटक v²/R · cosθ, आणि रस्त्याला लंब घटक v²/R · sinθ. मग लंब दिशेत:

N = mg cosθ + (mv²/R) sinθ

तुमचं mg cosθ इथे आहेच, त्यात वळण घेण्यासाठी लागणारी भर पडली आहे. गाडी उभी असेल तर v = 0, आणि ठोकळ्याचंच उत्तर मिळतं. गाडी बरोबर त्या वेगाने जात असेल जिथे घर्षणाची गरजच नसते, म्हणजे v² = Rg tanθ, तर किंमत घालून बघा: mg cosθ + mg tanθ sinθ, आणि हे सोपं केलं की mg/cosθ. दोन्ही सूत्रं या एकाच ओळीत बसतात. मधल्या कुठल्याही वेगाला यातलं एकही लागू नाही, तिथे ही वरची ओळच वापरायची.

आता घर्षण. यासाठी आकडे घेऊ. गाडीचं वस्तुमान 1000 किलो, वळणाची त्रिज्या 60 मीटर, उताराचा कोन 20°, घर्षणांक 0.3, g = 9.8. (खऱ्या रस्त्यांना एवढा उतार नसतो, तिथे काही अंशच असतात. मोठा कोन घेतलाय तो सगळे परिणाम ठळक दिसावेत म्हणून.)

आधी घर्षणाशिवायचा वेग काढा. Rg tanθ = 60 × 9.8 × 0.364 ≈ 214, म्हणून v ≈ 14.6 मी/से, साधारण 53 किमी/तास. हा वेग म्हणजे सीमारेषा. या वेगाला N चा आडवा घटक एकटाच गाडी वळवायला पुरतो, टायरला बाजूने काहीच ओढावं लागत नाही. वेग यापेक्षा जास्त असेल तर N कमी पडतो, गाडी बाहेर, म्हणजे उताराच्या वरच्या कडेकडे सरकू बघते, आणि घर्षण उताराच्या रेषेत खाली लागतं. वेग कमी असेल तर उलट: गाडी उतारावरून आत घसरू बघते, आणि घर्षण वरच्या दिशेने लागतं. दिशा ठरवायची ती या वेगाशी तुलना करूनच.

पण समजा तुलना केली नाही. उताराच्या रेषेत खालची दिशा धन धरा, घर्षणही खालीच आहे असं गृहीत धरा आणि लिहा:

f + mg sinθ = (mv²/R) cosθ

गाडी 18 मी/से वेगाने जातेय असं समजू. v²/R = 5.4. उजवी बाजू 1000 × 5.4 × 0.94 ≈ 5076 न्यूटन, mg sinθ ≈ 3352 न्यूटन, म्हणून f ≈ 1724 न्यूटन. उत्तर धन, म्हणजे घर्षण खरंच खालच्या दिशेने आहे. आता वेग 10 मी/से करा. v²/R = 1.667, उजवी बाजू सुमारे 1567, आणि f ≈ −1785 न्यूटन. ऋण चिन्ह सांगतं की घर्षण वरच्या दिशेने आहे. दिशा चुकीची धरली तरी चिन्ह ती सुधारून देतं, त्यामुळे दिशेची फार भीती बाळगायचं कारण नाही.

यातला एक मुद्दा मात्र नीट बघा, कारण सर्वांत जास्त गणितं इथे चुकतात. 18 मी/से वेगाला N काढला तर 9212 + 1847, म्हणजे सुमारे 11060 न्यूटन. घर्षणाची कमाल मर्यादा μN म्हणजे 3318 न्यूटन, आणि लागतंय फक्त 1724. टायर रस्त्यावर घसरत नसतो, म्हणून हे स्थितिक घर्षण आहे, आणि स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं. f = μN हे फक्त घसरण्याच्या अगदी काठावर खरं असतं. गणितात "कमाल सुरक्षित वेग" किंवा "किमान वेग" विचारला असेल तरच ते लिहायचं. नुसतं "18 मी/से वेगाने जाताना घर्षण किती" असं विचारलं असताना f = μN लिहिलं, तर उभ्या आणि आडव्या दिशेची समीकरणं एकमेकांशी जुळतच नाहीत. तशी विसंगती आली की समजायचं, चूक इथेच आहे.

इथेच दिशेचा धोकाही येतो. काठावरच्या गणितात चिन्ह तुम्हाला वाचवत नाही, कारण f = μN लिहिताना दिशा तुम्हीच पक्की करता. कमाल वेगासाठी घर्षण खाली घ्यायचं आणि किमान वेगासाठी वर. उभ्या आणि आडव्या समीकरणांचा भागाकार केला की m आणि N दोन्ही जातात:

v²(कमाल) = Rg (tanθ + μ) / (1 − μ tanθ)

v²(किमान) = Rg (tanθ − μ) / (1 + μ tanθ)

आपल्या आकड्यांत कमाल वेग सुमारे 20.9 मी/से, म्हणजे 75 किमी/तास. किमान वेग सुमारे 5.8 मी/से, म्हणजे 21 किमी/तास. हाच घर्षणांक आणि हीच त्रिज्या असलेलं सपाट वळण असतं तर तिथे सगळं काम घर्षणालाच करावं लागलं असतं, आणि μmg = mv²/R वरून कमाल वेग फक्त 13.3 मी/से, सुमारे 48 किमी/तास आला असता.

किमान वेग असणं पहिल्यांदा विचित्र वाटतं. इथे तो आहे, कारण tan 20° = 0.364 हे μ = 0.3 पेक्षा जास्त आहे. अशा रस्त्यावर गाडी थांबवली तर ती आतल्या कडेला घसरेल. tanθ हे μ पेक्षा कमी असेल तर वरच्या सूत्रात v² ऋण येतो. त्याचा अर्थ गणित बिघडलं असा नाही. गाडी कितीही हळू गेली किंवा उभी राहिली तरी घसरणार नाही, किमान वेगाची अटच नाही, एवढाच तो अर्थ. खऱ्या रस्त्यांचा उतार कमी ठेवण्यामागे हे मोठं कारण आहे. पावसात घर्षण कमी होतं आणि वळणावर एखादी गाडी उभी राहणारच, तिलाही तो रस्ता धरून ठेवता आला पाहिजे.

सूत्र आठवत नसेल किंवा चिन्हांची शंका आली तर दोन किमती घालून पडताळा. μ = 0 घातल्यावर कमाल आणि किमान दोन्ही सूत्रांतून Rg tanθ यायला हवं. θ = 0 घातल्यावर कमाल वेगाच्या सूत्रातून सपाट रस्त्याचं μRg यायला हवं. चिन्हांची अदलाबदल झाली असेल तर सहसा दुसऱ्या तपासणीतच उघडी पडते, मुळाखाली ऋण संख्या येते.

आकृतीबद्दल एकच सांगतो. वजन, N आणि घर्षण, एवढेच बाण काढा. mv²/R नावाचा चौथा बाण त्यात नको. अभिकेंद्री बल हे वेगळं बल नाही, या तिघांची बेरीज केंद्राकडे जेवढी उरते तिलाच आपण ते नाव देतो. सपाट वळणावर ही भूमिका घर्षण करतं, घर्षणरहित बँकिंगवर N चा आडवा घटक करतो, आणि बाकी ठिकाणी दोघं मिळून. चौथा बाण काढला की तेच बल दोनदा मोजलं जातं.

या सगळ्यात गाडी आपण एक बिंदू मानली आहे. उंच ट्रकसाठी तेवढं पुरत नाही. सपाट वळणावर ट्रक बाहेरच्या चाकांवर कलंडण्याच्या बेतात येतो तेव्हा (mv²/R) · h = mg · b/2, जिथे h ही गुरुत्वमध्याची उंची आणि b दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर. म्हणजे v² = Rg · b/2h. याची μRg शी तुलना करा: b/2h हे μ पेक्षा कमी असेल तर ट्रक घसरण्याआधीच उलटतो. b = 2 मीटर आणि h = 2 मीटर धरले तर b/2h = 0.5. घर्षणांक 0.3 असलेल्या ओल्या रस्त्यावर हा ट्रक आधी घसरेल, आणि 0.7 असलेल्या कोरड्या रस्त्यावर आधी उलटेल. त्यामुळे गणितात गुरुत्वमध्याची उंची दिली असेल तर दोन्ही वेग काढा, आणि त्यातला लहान असेल तो कमाल सुरक्षित वेग म्हणून लिहा.