बॅकमास्किंग : झाकलेले की ऐकू आलेले?

“रॉक गाण्यांच्या तबकड्या उलट्या वाजवल्या की गुप्त संदेश ऐकू येतात म्हणे, त्याला ‘बॅकमास्किंग’ म्हणतात. मराठीत याला ‘विलोम’ म्हणता येईल का?”

‘विलोम’ येथे चालणार नाही, कारण आपला विलोम अक्षरांचा असतो, तर तबकडी ध्वनी उलटते. ‘चिमा काय कामाची’ हे कागदावर दोन्हीकडून सारखे वाचता येते. पण ध्वनिमुद्रण उलट फिरवले तर ‘ईचामाक याक आमिच’ असे काहीसे ऐकू येईल, कारण व्यंजन आणि त्याला लागलेला स्वर यांचाही क्रम फिरतो.

मूळ इंग्रजी शब्दही सदोषच आहे. मानसशास्त्रात ‘बॅकवर्ड मास्किंग’ म्हणजे नंतरच्या उद्दीपनामुळे आधीच्या क्षणिक उद्दीपनाची जाणीव पुसली जाणे. तबकड्यांशी त्याचा संबंध नाही. शिवाय ‘मास्किंग’ म्हटले की झाकणारा कोणीतरी गृहीतच धरला जातो, आणि अफवेचे निम्मे काम मला वाटते या नावानेच केले.

१२ ऑक्टोबर १९६९ रोजी डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर एका श्रोत्याने फोन करून निवेदक रस गिब यांना बीटल्सचे ‘रेव्होल्यूशन ९’ उलटे वाजवायला सांगितले. पॉल मॅकार्टनी मरण पावला असून ते लपवले जात आहे, अशी वदंता तेव्हा होतीच. त्या रचनेत पुन्हापुन्हा येणारे ‘नंबर नाइन’ उलट वाजल्यावर ‘टर्न मी ऑन, डेड मॅन’ असे लोकांना ऐकू आले. ‘नंबर’मधला ‘नम’ उलटला की ‘मन’ होतो, हे खरे. उरलेले शब्द मात्र वदंतेनेच कानांना पुरवले. पडताळाही अवघड नव्हता: घरच्या तबकडीवर बोट ठेवून ती मागे फिरवली की झाले. ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, त्याला पटवून देण्याची गरज उरत नसे, आणि तो पुढच्याला ऐकवण्याआधी नेमके काय ऐकायचे तेही सांगत असे.

१९८५ मध्ये व्होकी आणि रीड या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासले. उलटे वाजवलेले बोलणे ऐकून श्रोत्यांना बोलणारा पुरुष की स्त्री हे कळले. मात्र मजकूर बालगीताचा, धार्मिक, सैतानी, अश्लील की जाहिरातीचा, हे अंदाजापलीकडे सांगता आले नाही. एखादे वाक्य आधी सुचवून ठेवले, की तेच बहुतेकांना ऐकू येऊ लागले.

म्हणून मी दोन शब्द वापरेन: मुद्दाम केले असेल तर ‘उलटमुद्रण’, आणि योगायोगाने भासले असेल तर ‘उलटश्रवणभास’. उलटमुद्रण ओळखणे सोपे असते, कारण ते सरळ वाजवताना अगम्य बडबड वाटते आणि उलटवल्यावर कोणी न सुचवताही स्वच्छ कळते. बीटल्सच्याच ‘रेन’च्या (१९६६) शेवटी असे उलटवलेले गायन आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘एम्प्टी स्पेसेस’मध्ये (१९७९) तर बडबड उलटवली की गुप्त संदेश शोधून काढल्याबद्दल श्रोत्याचे अभिनंदन केलेले ऐकू येते.